चौथा हीटर प्लग आणि वीस न्यूटन मीटरची रेघ

प्रश्न: साताऱ्यात राहतो. चार सिलिंडरची डिझेल गाडी आहे, १ लाख ४० हजार किलोमीटर झालेत. थंडीत सकाळी सुरू होताना थडथडते आणि मिनिटभर पांढरा धूर येतो. गॅरेजमध्ये चारही हीटर प्लग बदलायला दिले. तीन निघाले, चौथा जागचा हलत नाही. मेकॅनिक म्हणतो, "जोर लावला तर तुटेल, मग हेड उतरवावं लागेल. तुम्ही सांगाल तसं." मी काय सांगू? गाडी सध्या तीन नव्या प्लगवर चालू आहे.

उत्तर:

तुमचा मेकॅनिक थांबला हे आधी चांगलं झालं. माझं डिझेलचं काम सांगली-मिरज रस्त्यावर आहे, सव्वीस वर्षं झाली. माझ्याकडे येणारे अडकलेले प्लग बहुतेक आधी कुणीतरी जोर लावून बघितलेले असतात. तुमचा प्लग अजून अख्खा आहे, त्यामुळे काम तुमच्या हातात आहे. त्याला म्हणावं, पाच-सहा दिवस घे, पण वीस न्यूटन मीटरच्या पुढे पाना नेऊ नकोस. वीसच का आणि पाच-सहा दिवस कशाला, ते सांगतो.

निघालेल्या तीन प्लगपैकी एक हातात घ्या. वर वायरचं टोक, खाली षटकोनी डोकं, मग लांब धड आणि त्यावर आटे, आट्यांच्या खाली निमुळती कडा, आणि शेवटी पेन्सिलीपेक्षा बारीक कांडी. तापते ती कांडी, थंड इंजिन सुरू करताना सिलिंडरमधली हवा तीच गरम करते. निमुळती कडा हेडमधल्या तशाच निमुळत्या जागेवर बसते आणि ज्वलनाचा वायू तिथे अडवते. तिला आम्ही बैठक म्हणतो. धड भरीव दिसलं तरी भरीव नाही, ती पोलादाची नळी आहे, तिच्या मधून विजेची सळई खाली जाते. आजच्या बऱ्याच कॉमन रेल गाड्यांत आटा ८ मिलिमीटरचा असतो. म्हणजे तुम्ही पिळता ती एक पातळ नळी आहे.

व्हर्नियरने आट्याचा व्यास मोजा. ८ मिलिमीटर असेल तर प्लग बसवताना साधारण ८ ते १० न्यूटन मीटरने आवळतात आणि काढताना २० ही शेवटची हद्द धरतात, त्याच्या पुढे तो पिळून तुटतो. १० मिलिमीटरचा असेल तर काढतानाची हद्द ३५. तुमच्या इंजिनच्या पुस्तकात वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा. बसवायला १० आणि तुटायला २०, मधे दुपटीचंच अंतर आहे. पाव मीटर लांब रॅचेटच्या टोकाला ८ किलोचा जोर दिला की वीस न्यूटन मीटर होतात. वीस लिटरच्या जारमध्ये निम्म्याहून कमी पाणी भरलं तरी आठ किलो होतं. मनगट तापलेल्या माणसाला आठ किलो म्हणजे काहीच वाटत नाही, म्हणून हाताच्या अंदाजावर हे काम सोडायचं नाही. पिळण्याचा जोर मोजणारा टॉर्क पाना लागतोच, नसेल तर कुणाकडून मागून आणा.

टॉर्क पान्यातही एक गोम आहे. बाजारातले खूपसे 'कट्' आवाज करणारे पाने फक्त आवळण्याच्या दिशेला मोजतात. सोडण्याच्या दिशेला वापरले की ते साधा दांडा होतात, कट् वाजतच नाही आणि आपण वाट बघत जोर वाढवत राहतो. काम सुरू करायच्या आधी व्हाइसमध्ये एक बोल्ट धरून उलट्या दिशेला पाना वाजतो का ते तपासा. मी काटा असलेला जुना पाना वापरतो. तो दोन्ही दिशांना दाखवतो आणि जोर चढताना काटा डोळ्यासमोर राहतो.

आता हा अडकतो कशाने. जागा दोन आहेत आणि दोन्हींचा इलाज वेगळा आहे. पहिली जागा आटे. हेड ॲल्युमिनियमचं, प्लग पोलादाचा. वरून पाणी आणि धूळ आत उतरली की दोन धातूंमधे पांढरट पूड धरते आणि आटे एकजीव होतात. दुसरी जागा बैठकीच्या खाली. कांडी आणि भोकाची भिंत यांच्यामधे जी फट असते तिथे कार्बन साठतो, आणि आधीच्या माणसाने प्लग सैल बसवला असेल तर वायू बैठक ओलांडून आट्यांपर्यंत काजळी नेतो. बाहेरून बघून कुठली जागा ते कळत नाही, पाना लावल्यावर कळतं. अजिबात हलत नसेल तर आटे धरलेत. एक-दोन फेरे सुटून पुन्हा जड झाला तर कांडी धरली आहे.

कांडीचं तिसरं दुखणं माणसाने केलेलं असतं. हल्लीचे सगळे प्लग १२ व्होल्टचे नसतात. धडावर बारीक अक्षरांत ४.४, ५, ७ किंवा ११ व्होल्ट कोरलेलं असतं. कमी व्होल्टच्या प्लगला गाडीचा कंट्रोलर वीज तोडून-तोडून देतो. अशा प्लगला 'चालू आहे का बघू' म्हणून थेट बॅटरी लावली की काही सेकंदांत कांडी जळते आणि मधे फुगते. फुगलेली कांडी आपल्याच भोकातून वर येत नाही. तुमच्या चौथ्या प्लगला कुणी थेट बॅटरी लावली होती का, हे जरूर विचारा. तपासायचं तर मल्टीमीटरने रेझिस्टन्स बघा. चांगला धातूचा प्लग थंड असताना साधारण एक ओहमच्या आसपास किंवा कमी दाखवतो, त्यातून मीटरच्या वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्स वजा करायचा. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली आहे.

आता प्रत्यक्ष काम. गाडी पूर्ण थंड असताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, प्लगची वायर काढा आणि प्लगच्या खड्ड्यात कॉम्प्रेसरची हवा मारा, डोळ्यांवर चष्मा लावून. चुकवू नये अशी पायरी ही आहे, आणि सगळ्यात जास्त हीच चुकते. खड्ड्यात वाळू, गवताचं कुसळ, मुंग्यांनी आणलेली माती असते. वरून तेल सोडलं की त्याचा चिखल होतो आणि तो आट्यांमधे जातो. आधी कोरडं साफ करायचं, मग गंज सोडवणारं तेल. स्प्रेची बारीक नळी डोक्याच्या कडेला टेकवून अर्धा चमचा पुरे. खड्डा भरायचा नाही.

तेल टाकून रात्रभर गाडी तशीच ठेवा. सकाळी वर उरलेलं तेल हवेने उडवा आणि कापडाने टिपा, कारण हे तेल पेट घेतं आणि जवळ एक्झॉस्ट असतं. मग वायरी जोडून गाडी चालवा, इंजिन पुरतं तापेपर्यंत. साताऱ्यातून बोगद्याकडचा चढ चढून आलात तरी पुरे. संध्याकाळी थंड झाल्यावर पुन्हा तेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. हे तीन-चार वेळा करायचं.

यात नुसतं तेल काम करत नाही, तापणं-निवणंही करतं. ॲल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. इंजिन वीस अंशांवरून नव्वदवर गेलं की ८ मिलिमीटरच्या भोकात आणि प्लगमधे जेमतेम सहा मायक्रॉनचा फरक पडतो. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढा. पण तेवढ्या हलण्याने ती पांढरी पूड जागोजाग तडकते आणि निवताना तेल त्या तड्यांतून आत ओढलं जातं. एका दिवसात चार वेळा स्प्रे मारून हे होत नाही, तापवायला आणि निववायला वेळ लागतोच. गिऱ्हाइकाला हे पटवताना माझा निम्मा श्वास जातो. "नुसतं तेल टाकायला गाडी चार दिवस?" असं विचारतात. मी म्हणतो, गाडी घेऊन जा, चालवा, रोज संध्याकाळी पाच मिनिटं आणा.

पेट्रोलवाल्यांना इथे एक शंका येते. ॲल्युमिनियमच्या हेडमधला स्पार्क प्लग थंडच काढावा असं त्यांना शिकवलेलं असतं, ते बरोबरही आहे. अडकलेला हीटर प्लग मात्र गरम इंजिनवर सोडवतात. आटा धरलेला असताना आपल्याला ती सहा मायक्रॉनची सवलत हवी असते.

चौथ्या-पाचव्या दिवशी गरम इंजिनवर पाना लावायचा. हातमोजे घाला. प्लगच्या डोक्यावर बसणारी पान्याची गोटी सहा कोनांची आणि खोल हवी. बारा कोनांची डोकं गोल करते, आणि ढिली गोटी तर लावूच नका. गोटी शेवटपर्यंत बसली आहे ना आणि एक्स्टेन्शन सरळ रेषेत आहे ना ते बघा, तिरका जोर पडला की डोकं वीसच्या आधीच तुटतं. डोक्यावर आणि शेजारी हेडवर सरळ रेषेत मार्करने एक खूण करा. आधी आवळण्याच्या दिशेला हलका दाब द्या, आठ-नऊ न्यूटन मीटर, तेवढाच. मग सोडण्याच्या दिशेला दहा. नाही हलला तर पुन्हा आवळण्याकडे, पुन्हा सोडण्याकडे बारा. मग पंधरा. प्रत्येक वेळी जोर सावकाश चढवायचा आणि सावकाश उतरवायचा, हिसका द्यायचा नाही. पंधरावर नाही हलला तर त्या दिवशी पाना ठेवून द्या आणि रात्री पुन्हा तेल. दुसऱ्या दिवशी अठरा. शेवटी वीस, आणि वीसवर थांबायचं.

हाताला काय लागतं ते नीट ओळखा. पाना थोडा फिरला आणि सोडल्यावर खूण परत जागेवर आली, तर आटे सुटलेले नाहीत, धडाची नळी स्प्रिंगसारखी पिळून परत येते आहे. खरा सुटतो तेव्हा बारीक 'कट्' असा धक्का बसतो आणि लगेच काटा खाली येतो. तिसरी गत वाईट. पाना फिरतोय, खूण परत येत नाही, पण काटा खालीही येत नाही, हाताला गूळ वाकवल्यासारखं मऊ लागतं. ते धड पिळलं जात आहे. त्या क्षणी सोडून द्या, आणखी पाव फेरा म्हणजे डोकं गोटीत.

सुटला तरी घाई नको. आठवा हिस्सा फेरा बाहेर, तेवढाच परत आत, तेल, पुन्हा बाहेर. किर्र असा आवाज आला तर आटे कोरडे घासतायत, तेल टाका आणि आत फिरवा. असं करत दोन-तीन फेऱ्यांनी तो बोटाने फिरायला हवा. तसा न फिरता पुन्हा जड व्हायला लागला तर कार्बनने कांडी धरली आहे. मग मागे फिरून परत आत बसवा, कार्बन विरघळवणारा क्लीनर सुटलेल्या आट्यांतून खाली झिरपू द्या, रात्र जाऊ द्या. प्लगची तार शाबूत असेल तर आणखी एक गोष्ट हाताशी आहे. त्याच्याच कंट्रोलरने, म्हणजे चावी फिरवून, दोन-तीन वेळा तापवून घ्या. कांडी लालबुंद होते आणि भोवतीचा कार्बन कोरडा होऊन तडकतो.

आटे संपले, प्लग गोल फिरतो पण वर येत नाही, तर सरळ वर ओढायचा. पकड लावून डावी-उजवीकडे हलवू नका. कांडी तिथेच तुटते आणि सिलिंडरमधे पडते.

माझ्याकडची एक गाडी सांगतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत निम्म्याहून जास्त बुडालेली डिझेल हॅचबॅक. पूर ओसरल्यावर कुणीतरी तेल-फिल्टर बदलून ती चालू केलेली होती, पण वरचं कव्हर काढून प्लगचे खड्डे कुणी बघितले नव्हते. दोन-अडीच वर्षांनी ती तुमच्यासारख्याच तक्रारीने माझ्याकडे आली. कव्हर काढलं तर चारही खड्ड्यांत कृष्णेचा गाळ वाळून पपडी झालेला, बांगडीसारखा प्लगभोवती बसलेला. दातकोरण्याने खरवडून हवा मारायलाच माझ्या पोराला एक तास लागला.

पहिला आणि दुसरा प्लग तिसऱ्या दिवशी बारावर सुटले. तिसरा पंधरावर नाही, पाचव्या दिवशी गरम इंजिनवर अठरावर कट् झाला. साडेतीन फेऱ्यांनंतर पुन्हा जड. आत बसवला, क्लीनर टाकला, दोन रात्री ठेवला, मग निघाला. बाहेर आल्यावर आधी तो पहिल्या प्लगशेजारी उभा धरला आणि व्हर्नियरने दोन्ही मोजले. लांबी सारखी, म्हणजे कांडीचं टोक आत राहिलेलं नाही. ही तपासणी प्रत्येक प्लगची करा. निघालेला प्लग अर्धा-एक मिलिमीटर जरी आखूड निघाला तर गाडीला सेल मारायचा नाही, आधी भोकातून कॅमेरा घालून बघायचं.

चौथा वीसवरही हलला नाही. सातव्या दिवशी मी तो प्रयत्न थांबवला. तो बंद प्लग होता, पण बैठकीवरून गळत नव्हता. साबणाचं पाणी सोडून इंजिन चालवलं, बुडबुडा नाही. गाडीवाल्याला सांगितलं, तीन प्लगवर सांगलीत गाडी सुरू होते, डिसेंबरात जरा धूर करेल. त्याने मान हलवली आणि गेला. पुढे वर्षभराने त्याच गाडीचं हेड गॅस्केटसाठी उतरलं, तेव्हा हेड टेबलावर असताना ते सगळीकडून सारखं तापवलं आणि प्लग चौदावर निघाला. आट्यांच्या वरच्या पाच-सहा वळणांत गाळ सिमेंटसारखा भरलेला होता, खालचे आटे चकचकीत. तेल त्या बुचाच्या खाली कधी पोहोचलंच नव्हतं.

तुमच्या बाबतीतही वीसवर न हलल्यास हाच हिशोब करा. साताऱ्यात जानेवारीत पहाटे दहा-बारा अंशांपर्यंत उतरतं. थेट इंजेक्शनचं इंजिन तेवढ्या थंडीत तीन प्लगवर सुरू होतं, फक्त पहिलं मिनिट त्या सिलिंडरमधून न जळलेल्या डिझेलचा पांढरा धूर येतो. नवीन बीएस ६ गाडी असेल तर इंजिनचा दिवा पेटून राहील आणि धुराच्या फिल्टरची सफाई अडू शकते, तिथे प्लग तसाच ठेवणं योग्य नाही. जुन्या गाडीत मी मालकाला ठेवायलाच सांगतो, पुढे कधी हेड उतरेल तेव्हा काढू. महाबळेश्वरला रोज मुक्काम असता तर कदाचित वेगळं सांगितलं असतं.

आणि तुटलाच तर. मी एकदा तोडला आहे, शिकाऊ होतो तेव्हा, हवेच्या गनने. एका झटक्यात डोकं गोटीत आलं. उस्तादांनी कानाखाली नाही मारली, पण संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोललेही नाहीत. डोकं तुटलं आणि खालची कांडीची नळी शाबूत असेल तर वायू बाहेर येत नाही, गाडी लगेच बंद पडत नाही. फुसफुस आवाज किंवा काळं तेल दिसलं तर मात्र चालवू नका.

मग एक्स्ट्रॅक्टर ठोकायचा मोह होतो. मी तो हातात घेत नाही. तो कडक पोलादाचा असतो, आत तुटला तर ड्रिलही त्याला कापत नाही, शिवाय पाचरीसारखा घुसून पातळ नळी फुगवतो आणि ती आट्यांत आणखी घट्ट बसते. बरोबर रीत म्हणजे आधी मधली सळई खेचून काढायची, मग हेडवर बसणाऱ्या गाइड बुशमधून टप्प्याटप्प्याने ड्रिल वाढवत नळी पोखरायची, भोक मधोमध राहील अशी. एक मिलिमीटर पिचच्या ८ मिलिमीटर आट्याला भोक सात मिलिमीटरचं, त्याच्या पुढे गेलात तर हेडचे आटे खाल्ले. ड्रिल बैठकीच्या वर थांबलं पाहिजे. उरलेली पातळ साल आट्यांतून उचलायची, टॅपला ग्रीस चोपडून आटे साफ करायचे म्हणजे कीस ग्रीसला चिकटतो, आणि शेवटी कांडीच्या नळीत बारीक आटे मारून तिला स्क्रूने वर ओढायची. हे सगळं करताना त्या सिलिंडरचा पिस्टन वर आणि सगळे व्हॉल्व्ह बंद, म्हणजे कीस पडला तरी थोड्या जागेत राहतो. काम झाल्यावर बारीक नळीने तो ओढून घ्यायचा, मग इंजेक्टरच्या वायरी काढून इंजिन सेलने दोन-चार फेरे फिरवायचं, उरलेला भोकातून बाहेर उडतो. त्या वेळी भोकासमोर तोंड ठेवायचं नाही. साताऱ्यात हे करणारा माणूस नसेल तर गाडी टो करून नेणं परवडतं, कारण बुश न लावता हाताने ड्रिल मारलं तर ड्रिल मऊ ॲल्युमिनियमकडे पळतं. मग खरंच हेड उतरवावं लागतं.

नवा प्लग बसवताना भोकातला कार्बन आणि बैठक रीमरने साफ करून घ्या, नाहीतर नवा प्लगही दोन वर्षांनी असाच बसेल. आट्यांना नखाच्या टोकाएवढं उष्णता सोसणारं ग्रीस, कांडीला आणि बैठकीला काही नाही. ग्रीस लावल्यावर आटा घसरतो, म्हणून ८ मिलिमीटरला दहावर नाही, आठ-नऊवरच थांबा. सगळा प्लग हाताने फिरत बैठकीपर्यंत जायला हवा, मधे अडला तर पाना लावू नका, बाहेर काढून आटे पुन्हा साफ करा. वायरचा नट फक्त दोन-तीन न्यूटन मीटर, तो चार मिलिमीटरचा खिळा जास्त जोराने आतून फिरतो आणि कोरा प्लग फुकट जातो. तीन नवे प्लगही त्याने कशाने आवळलेत ते विचारून घ्या. नुसता हात लावला असेल तर थंड इंजिनवर टॉर्क पाना लावून एकदा बघू द्या.